हलणारं झाकण

तुमच्या शेगडीच्या बर्नरवरचं झाकण हलायला लागलं, तर तुम्ही आधी संशय कोणावर घेता? झाकणावर, की स्वतःच्या हातावर?

उत्तर द्यायची घाई करू नका. शिंपीकाकांनी घाई केली नव्हती. पुष्कळ विचार केला आणि शेवटी संशय घेतला तो स्वतःवर. आणि तो त्यांना घ्यायला लावला निळीबाईने.

निळीबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. शेगड्यांच्या सुट्या भागांचं तिचं दुकान, दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने रस्त्यावर थांबायचं एवढं. येणाऱ्या प्रत्येकाला ती एकच विचारायची, "ज्योत कशी आहे? निळी की पिवळी?" कोणी म्हणायचं, "येते आपली," तर ती फटकारायची, "येते म्हणजे पाहुणी आहे का? रंग सांगा!" त्यावरून नाव पडलं. नवरा गेला तेव्हा तिला बर्नर म्हणजे काय आणि नॉझल म्हणजे काय हेही धड ठाऊक नव्हतं. ती फक्त त्याचा डबा घेऊन दुकानात यायची. मग डबा बंद झाला आणि दुकान गळ्यात पडलं. तिने जुन्या शेगड्या उघडल्या, जोडल्या, पुन्हा उघडल्या. हात भाजले. कोणी शिकवलं नाही, म्हणून कोणाचं ऐकून घ्यायची सवयही लागली नाही.

आता लोक दुकानात यायच्या आधी मोबाइलवर फोटो पाठवतात. भाताचं पाणी उतू जाऊन काळं झालेलं झाकण, तुटलेला दांडा, अर्धी शेगडी आणि मागे रडणारं पोर, असा कसलाही फोटो. निळीबाई चष्मा कपाळावर ढकलून बघायची आणि सांगायची. भोकांच्या रांगा किती, कडेला खाचा सरळ आहेत की तिरक्या, मधे घुमट आहे की सपाट, खाली किती पाय. एवढ्यावरून शेगडी कुठल्या घराण्यातली ते ती ओळखायची. कंपनी बुडून गेलेली असो, वरचा स्टिकर पुसून गेलेला असो.

"हे तुमचं नाही," ती एकदा एका गिऱ्हाइकाला फोनवर म्हणाली.

"अहो, माझ्याच घरातलं आहे!"

"घर तुमचं असेल, झाकण शेजाऱ्याचं आहे. तुमच्या शेगडीला तिरक्या खाचांचं येतं. धुवायला एकत्र घातली असतील, जाऊन बघा."

आणि खरंच तसं निघालं. अशा गोष्टी गावभर होतात, आणि माणसाच्या डोक्यात हवा जाते.

नॉझलच्या बाबतीत मात्र ती सावध होती. नॉझल म्हणजे बर्नरखालची ती करंगळीच्या नखाएवढी पितळी टोपी, जिच्या बारीक भोकातून गॅस नळीत शिरतो. फोटोत ते भोक दिसत नाही, सगळी नॉझलं जुळी भावंडं वाटतात. म्हणून ती तोंडावर कोरलेला आकडा वाचायला लावायची आणि विचारायची, "सिलिंडर की पाइपचा गॅस?" पाइपच्या गॅसला भोक मोठं लागतं. ते सिलिंडरच्या शेगडीला बसवलं तर ज्योत हातभर उडेल आणि भांडी काजळून निघतील. इथे ती चूक करायची नाही.

झाकणाच्या बाबतीत तिने स्वतःची एक युक्ती काढली होती. "झाकणाशेजारी एक नाणं ठेवा आणि फोटो काढा." नाण्यावरून माप काढायचं. युक्तीचा तिला भारी अभिमान. दुकानात मदतीला असणारी सून म्हणायची, "आई, सरळ माप मागवा ना. घरोघरी पट्टी असते."

"पट्टी असते, पण ती पोरांच्या दप्तरात असते आणि पोरं शाळेत असतात. नाणं सगळ्यांकडे असतं. माझे डोळे काय फुटलेत?"

सून गप्प बसायची. गप्प बसण्यात ती वस्ताद होती.

शिंपीकाकांचा फोटो आला तो असाच एका सकाळी, गर्दीच्या वेळी. काका म्हणजे मागच्या गल्लीत एका खोलीत राहणारा म्हातारा. बायको गेली, मुलगा शहराच्या दुसऱ्या टोकाला. काका एकटे, शिलाई मशीन आणि ते. नजर कमी झाली तरी उसवलेलं शिवून द्यायचे, स्वतःचा भात, स्वतःचा चहा स्वतः करायचे. निळीबाई काउंटरवर कमरेला बांधायची तो जाड कापडाचा एप्रन त्यांनीच शिवलेला. त्याला सहा खिसे, एकेक झाकण एकेका खिशात मावेल असे. खिशांचे कोपरे गोल. "टोकदार कोपरा आधी फाटतो, पोरी," असं म्हणत काकांनी तिच्यासमोर कापडावर नाणं ठेवून खडूने गोलाई काढली होती.

काकांचं मोठ्या बर्नरचं झाकण चिरलं होतं. त्यांनी फोटो पाठवला आणि लगोलग फोन केला.

"नाणं ठेवलंय बघ, तू म्हणतेस तसं. टेपने मोजून सांगू का? टेप गळ्यातच आहे."

"नको हो काका. दिसतंय मला. झालं काम."

तेवढं बोलून तिने फोन ठेवला, कारण समोर दोघं भांडत होते की आधी कोण आलं. झाकण तिने ओळखलं ते बरोबर ओळखलं. दोन रांगा, सरळ खाचा, मधे चपटा घुमट. पण या जातीचं झाकण दोन मापांत यायचं. नक्षी तीच, भोकं तेवढीच, लहान आणि मोठं. तिने गल्ल्यातलं नाणं काढलं, फोटोतल्या नाण्याशी ताडलं आणि मनात म्हणाली, लहान. माल पाठवणाऱ्याला तसं कळवलं. झाकण आलं, सुनेने काकांकडे पोचतं केलं.

दुसऱ्याच दिवशी काकांचा फोन. "पोरी, जरा हलतंय गं."

"नवं आहे काका. तापलं की बसेल."

"एका बाजूला कलतंय. ज्योत..."

"काका, मी ओळखलेलं झाकण कधी चुकलंय का? जुन्या झाकणाची तुमच्या हाताला सवय झालीय. नीट मधोमध ठेवा, बसेल."

"बरं," काका म्हणाले. "तू म्हणतेस तर असेल."

यानंतर काकांचा फोन आला नाही. निळीबाईच्याही डोक्यातून ते गेलं. सुनेच्या डोक्यातून गेलं होतं की नाही, कोण जाणे.

मग एका दुपारी काकांचा मुलगा दुकानात आला. घामेघूम, हातात अख्खी शेगडी. काउंटरवर ठेवून म्हणाला, "ही घेऊन टाका. मोडीत घाला, कोणाला द्या, काही करा. बाबांना आता गॅस झेपत नाही."

"का, काय झालं?"

"काय नाही झालं ते विचारा. सगळी पातेली बुडाशी काळी ठिक्कर. त्यांची पातेली कशी असायची तुम्हाला माहीत आहे, तोंड बघावं त्यात. परवा गेलो तर फडकं जळालेलं, ओट्याखाली लपवून ठेवलं होतं. विचारलं तर म्हणतात, नॉब गरम होतो म्हणून फडक्याने धरतो. नॉब कधी गरम होतो का हो? विसरायला लागलेत. काहीबाही बोलतात. शेगडीत फटाका वाजतो म्हणे." त्याने शेगडी आणखी पुढे सरकवली. "त्यांची खोली सोडतोय. रविवारी टेंपो सांगितलाय. आमच्याकडे नेतो. येत नाही म्हणतात, पण उद्या एखादं अघटित झालं तर लोक मलाच विचारतील ना?"

निळीबाईने मोठ्या बर्नरवरच्या झाकणाला बोट लावलं. झाकण टक् करून एका बाजूला कललं. बोट काढलं, ते तसंच कललेलं राहिलं.

तिला सगळं कळलं. मोठ्या बैठकीवर लहान झाकण. एका अंगाला फट. गॅस भोकांतून यायचा सोडून त्या फटीतून निसटणार, तिकडे ज्योत लांब, पिवळी, काजळी धरणारी. दुसरीकडे मरतुकडी. आणि गॅस बारीक केला की ज्योत फट् करून आत शिरणार, नळीतच सूं सूं जळत राहणार. मग नळी तापणार, तिच्या मागचा नॉबही तापणार. माणूस फडकं घेणार नाही तर काय करेल? काका एक अक्षरही काहीबाही बोलले नव्हते.

काउंटरवर तीन गिऱ्हाइकं होती. एक बाई तर आत्ताच आपल्या मैत्रिणीला सांगत होती, "हिच्याकडे नुसता फोटो पाठव, चुकत नाही ही."

निळीबाई म्हणाली, "ठेवा. बघते."

एवढंच म्हणाली ती. ज्या बाईची जीभ पालिकेच्या साहेबापुढे कधी अडखळली नाही, ती एवढंच म्हणाली. मुलगा कपाळ पुसत निघून गेला. सून आतल्या फळीजवळ उभी होती. तिने झाकणाकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाला विचारलं, "ज्योत कशी आहे?"

गर्दी ओसरल्यावर निळीबाईने शेगडी उचलून मागे नेली. तेव्हा तिला त्या खुणा दिसल्या. शेगडीच्या पत्र्यावर, प्रत्येक नॉबच्या वर, शिंप्याच्या पांढऱ्या खडूने बारीक रेघ. एका रेघेपाशी लिहिलेलं, "बंद". दुसरीपाशी "चालू". अक्षर थरथरतं, पण सरळ रेषेत. पन्नास वर्षं कापडावर रेघा मारलेला माणूस आपल्याच शेगडीवर लिहून ठेवत होता, बंद कुठे आणि चालू कुठे, कारण त्याला वाटत होतं आपण विसरतोय.

तिने तो पत्रा एप्रनने पुसायला हात उचलला आणि पुसला नाही.

तिने मोबाइल काढला, काकांचा तो फोटो शोधला. झाकण, शेजारी नाणं. गल्ल्यातलं नाणं काढून पुन्हा ताडलं. लहान. तिचंच गणित, तेच उत्तर. मग चूक कुठे? तिने फोटो मोठा केला. नाण्याच्या कडेला पांढरी भुकटी लागलेली दिसली.

खडू.

तिचा हात आपोआप एप्रनच्या खिशाच्या कोपऱ्यावर गेला. ही गोलाई ज्याने काढली ते नाणं. काकांच्या मशीनच्या खणात कायम असलेलं, जुन्या टाकसाळीचं, त्याच किमतीचं पण चांगलंच मोठं. हल्लीचं नाणं त्याच्यापुढे बटण. नाणं मोठं, म्हणजे शेजारचं झाकणही मोठं. हे नाणं तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, याच कापडावर फिरताना. आणि ज्या माणसाच्या गळ्यात जन्मभर टेप होता, ज्याने "मोजून सांगू का" असं विचारलं होतं, त्याला तिने "नको" म्हटलं होतं.

"माप मागवा म्हणत होते मी," सून मागून म्हणाली. टोमणा मारायला म्हणून नव्हे, अगदी हळू.

"मार ना टोमणा! मार! गप्प काय बसतेस?"

"मारून काय होणार आई? झाकण थोडंच मोठं होणार आहे?"

निळीबाई स्टुलावर बसली. म्हणाली, "मी त्यांना म्हटलं, तुमच्या हाताचा दोष आहे."

"ऐकलं होतं मी."

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

"तुम्ही ऐकलं असतं?"

निळीबाईने मोबाइल उचलला आणि माल पाठवणाऱ्याला मोठं झाकण कळवलं.

मोठं झाकण येईपर्यंत तिने शेगडी खोलली. नळी साफ केली, झडप तपासली. नॉझल काढून उजेडात धरलं तर भोक गोल राहिलं नव्हतं, लांबट झालं होतं. काकांनी सुई घातली होती. ज्योत बिघडली म्हणजे भोक तुंबलं असणार, असं समजून शिंप्याने शिंप्याचं हत्यार वापरलं होतं. पितळ मऊ, भोक फाटलं. म्हणजे तिच्या एका झाकणापायी नॉझलही गेलं होतं. तिने तोंडावरचा आकडा भिंग लावून वाचला, सुनेला मोठ्याने वाचायला लावला आणि त्याच आकड्याचं नवं नॉझल बसवलं. दर थोड्या वेळाने ती स्वतःला समजावत होती की रविवारी शेगडी नेऊन द्यावी, दुरुस्त केली म्हणावं, संपलं. झाकण बदललं म्हणून कोणाला सांगायची काय गरज? कोणाच्या बापाला कळणार आहे? मग तिची नजर त्या खडूच्या रेघांवर जायची.

माल यायला शनिवार उजाडला. या वेळी तिने झाकण खिशात टाकलं नाही, पालथं करून बैठकीवर धरलं, पट्टी लावली, मग सरळ बसवलं. बोटाने ढकललं. हललं नाही.

रविवारी ती शेगडी घेऊन गेली तेव्हा काकांच्या दाराशी टेंपो उभा होता. खोलीत दोऱ्याने बांधलेली खोकी, मशीनवर चादर गुंडाळलेली. काका खिडकीपाशी खुर्चीवर, हात मांडीवर, जसं कोणी फोटो काढायला बसवलंय. मुलगा खोक्याला चिकटपट्टी लावत होता.

"ही कशाला परत आणली?" मुलगा म्हणाला.

निळीबाईचा स्वभाव असा की कबुली द्यायला गेली तरी आधी भांडणच निघायचं. ती त्याच्यावरच घसरली. "स्वतःच्या बापाची शेगडी एकदा पेटवून बघितलीस का रे? की नुसती काळी पातेली बघून निकाल दिलास?"

"मी? तुम्हीच तर..."

"हो, मीच." ती थांबली. शेगडी तिने ओट्यावर ठेवली. "मीच. झाकण चुकीचं दिलं ते मी दिलं. लहान माप पाठवलं. त्यामुळे पातेली काळी, त्यामुळे फटाका, त्यामुळे नॉब तापला, त्यामुळे फडकं जळालं. काकांनी फोन करून सांगितलं होतं, हलतंय म्हणून. मी म्हटलं, तुमच्या हाताचा दोष. त्या दिवशी तू दुकानात आलास तेव्हा मला कळलं होतं, तरी मी बोलले नाही. गिऱ्हाइकं होती म्हणून. झालं. आता काय बोलायचं ते बोल."

मुलगा चिकटपट्टी हातात धरून उभाच राहिला. चिकटपट्टी त्याच्या बोटाला चिकटली.

काका खुर्चीतून म्हणाले, "म्हणजे मी नव्हतो?"

"नव्हता काका."

"नॉब खरंच तापायचा?"

"खरंच तापायचा."

"आणि तो आवाज? मी तर म्हटलं कानात होतोय."

"शेगडीतच व्हायचा."

काका पुन्हा म्हणाले, "म्हणजे मी नव्हतो." या वेळी त्यांनी विचारलं नाही. चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि पुसतच राहिले. मुलगा त्यांच्याकडे बघेना.

निळीबाईने नळी जोडली, जोडावर साबणाचं पाणी लावलं, बुडबुडा येतो का ते पाहिलं. नाही आला. मग बाजूला सरली. "काका, पेटवा. तुम्हीच."

काका उठले. नॉबपाशी आधी वाकून त्यांनी खडूची रेघ पाहिली, मग फिरवला. ज्योत आली. सगळीकडून सारखी, आखूड, निळी. बारीक केली, तरी निळी. फट् झालं नाही. मुलगा जवळ आला, त्याने नॉबला हात लावला आणि लावूनच ठेवला. बराच वेळ. तापला नाही.

"टेंपोवाल्याला..." तो म्हणाला आणि बाहेर गेला. परत आला तेव्हा मशीनवरची चादर त्यानेच सोडली. "थोडे दिवस बघू," एवढंच म्हणाला. "मी दर आठवड्याला येईन."

"ये की," काका म्हणाले. "चहा मी करीन."

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर निळीबाईला झोप लागली असती. पण जाताना तिने ओलं फडकं घेतलं आणि पत्र्यावरच्या त्या पांढऱ्या रेघा पुसायला गेली, तर काकांनी तिचं मनगट धरलं.

"राहू दे पोरी."

"आता कशाला काका? तुम्ही विसरत नाही. ती माझी चूक होती."

"हो, कळलं ते. पण राहू दे. आता सवय झालीय बघून फिरवायची."

शेगडी निळी जळते. पातेली पुन्हा तोंड बघण्याजोगी झाली. पण काका अजून खोलीला कुलूप लावल्यावर दोनदा ओढून बघतात आणि वाटेत भेटेल त्याला विचारतात, "लावलं ना मी?" निळीबाई मागच्या गल्लीतून जाताना हे ऐकते आणि भराभर पावलं उचलते. झाकण बदलून मिळतं. हे बदलून देईल असा माल पाठवणारा तिला अजून सापडलेला नाही.

दुकानात आता नाणं चालत नाही. काउंटरवर काकांनी दिलेला एक जुना टेप लटकतो, आणि फोटो आला की सून विचारते, "पालथं करून मोजलं का?" गिऱ्हाईक चिडतं. "पूर्वी तर नुसत्या फोटोवर सांगायचात!" निळीबाई मान खाली घालून दुसऱ्याचं झाकण पुसत राहते.

म्हणून एवढंच करा. फोटो पाठवाल तेव्हा झाकण पालथं करून, शेजारी टेप नाहीतर पट्टी ठेवून काढा, आकडे वाचता येतील असे. नॉझलच्या तोंडावरचा आकडा वाचून कळवा, गॅस सिलिंडरचा की पाइपचा तेही सांगा, आणि भोकात सुई घालू नका. नवं आलेलं झाकण बोटाने ढकलून बघा. हललं, तर गॅस बंद करा आणि फोन करा. समोरून कोणी कितीही ठसक्यात म्हणालं, "तापलं की बसेल," तरी ऐकू नका. भांडा. निळीबाई असली तरी भांडा. आणि घरातलं एखादं म्हातारं माणूस म्हणालं की नॉब तापतो, तर त्याचं डोकं तपासायच्या आधी, हात जोडून सांगते, एकदा नॉबला हात लावून बघा.